साठेखतात परवानगीची जबाबदारी नावानिशी लिहा

मा. संपादक,
स. न.

शेतजमिनीच्या व्यवहारात अडकलेल्या पैशांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात, आणि बहुतेक वेळा त्यांचे मथळे फसवणुकीचे असतात. तहसील कचेरीच्या आवारात दस्त लिहिण्यात माझी हयात गेली. माझ्या पाहण्यातले बरेचसे व्यवहार कोणाच्या लबाडीने मोडलेले नाहीत. ज्या जमिनीच्या विक्रीला सरकारी परवानगी किंवा नजराणा, म्हणजे सरकारजमा करायची रक्कम, लागते, तिच्या साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, ते काम कोणी करायचे हेच लिहिलेले नव्हते, म्हणून ते मोडले. त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आमच्या भागातला एक व्यवहार सांगतो. नावेगावे देत नाही. दोन एकर जिरायत, किंमत तीस लाख. घेणारा शेजारच्या गावचा शेतकरी. पाचशेच्या मुद्रांकावर साठेखत झाले आणि त्याला नोटरीचा शिक्का लागला. अठरा लाख दिले, त्यातले बरेच रोखीने. ताबा त्याच दिवशी दिला. 'उर्वरित रक्कम अकरा महिन्यांत देऊन खरेदीखत करून घ्यावे व आवश्यक ती परवानगी घेण्यात यावी' असे शेवटी एक वाक्य होते. परवानगी कोणी घ्यावी, यावर कागद गप्प. घेणाऱ्याला वाटले देणारा अर्ज करील, देणाऱ्याला वाटले ज्याला गरज आहे तो करील. अकरा महिने गेले, भाव वाढले आणि देणाऱ्याचे मन फिरले. मधल्या काळात त्याच्या बहिणीने हिश्श्याची नोटीस पाठवली. आज तिघेही दिवाणी न्यायालयात आहेत.

त्या जमिनीचा सातबारा सुरुवातीलाच नीट वाचला असता तर काय दिसले असते? भोगवटादार वर्ग 2, आणि इतर हक्कात 'कूळ कायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' ही नोंद. म्हणजे देणाऱ्याच्या वडिलांनी ती कूळ म्हणून कसली, कलम 32 ग खाली तिची किंमत ठरली आणि ती भरल्यावर 32 म चे प्रमाणपत्र मिळाले. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नसे. 2014 च्या दुरुस्तीने यात मोठी सवलत दिली. खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र विक्रीपूर्वी आकारणीच्या चाळीस पट नजराणा सरकारजमा करावा लागतो, घेणारा शेतकरी असावा लागतो, त्याची एकूण जमीन कमाल मर्यादेच्या आत असावी लागते आणि तुकडेबंदी कायद्याचा भंग होता कामा नये.

आता हिशोब करा. सातबाऱ्यावर त्या दोन एकरांचा आकार साडेचार रुपये असेल तर त्याच्या चाळीस पट म्हणजे एकशे ऐंशी रुपये. एवढ्या रकमेचे चलन भरून नोंद करून घ्यायची, या कामाची जबाबदारी कागदावर नव्हती म्हणून तीस लाखांचा व्यवहार कोर्टात पडला आहे.

पण वर्ग 2 दिसले की सगळीकडे चाळीस पट लागू, असे समजणेही महागात पडते. वतनाची, सरकारने वाटप केलेली, पुनर्वसनात मिळालेली जमीनही वर्ग 2 मध्येच असते आणि तिचे नियम वेगळे. तिथे नजराण्याचा हिशोब बाजारमूल्यावर जाऊ शकतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची असेल तर महसूल संहितेच्या कलम 36 अ ची परवानगी लागते, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर संपत नाही, शासनाची पूर्वमान्यता लागते. घेणारा शेतकरी नसेल तर कूळ कायद्याचे कलम 63 आडवे येते. म्हणून वर्ग 2 हा शब्द कोणत्या आदेशाने लागला, तो फेरफार काढून वाचल्याशिवाय साठेखताचा मसुदा लिहायला बसू नये.

फेरफार वाचायचे ते वारसांसाठीही. वरच्या प्रकरणात सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या मुलाचे नाव होते आणि त्यापुढे 'एकुमॅ' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या अक्षरांचा अर्थच असा की जमीन त्याच्या एकट्याची नाही. वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार काढला असता तर पत्नी आणि मुलगी यांची नावे तिथे दिसली असती. जुन्या नोंदींत मुलींची नावे कब्जेदार सदरी न लावता इतर हक्कात लावण्याची रीत होती. रीत काहीही असो, हिस्सा त्यांचा आहेच. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, त्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात एवढेच. बहिणीला पहिल्याच दिवशी 'लिहून देणार' म्हणून बसवले असते, किंवा तिने आधी नोंदणीकृत हक्कसोड पत्र दिले असते, तर तिच्या नोटिशीची वेळच आली नसती. निदान तीस वर्षांचे फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडचे सूची क्रमांक 2 चे उतारे पाहावेत. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, प्रलंबित दावा, आधीचे एखादे साठेखत यांतूनच बाहेर येते. मोजणीची 'क' प्रत मिळेपर्यंत क्षेत्रफळाचा आकडाही कच्चाच धरावा.

ताब्याबाबत आमच्याकडे एक घट्ट समजूत आहे: ताबा घेतला की जमीन आपली झाली. कायदा तसे म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे विक्रीच्या कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, तो खरेदीखतानेच होतो. कलम 53 अ ताबा घेतलेल्या माणसाला संरक्षण देते खरे, पण 24 सप्टेंबर 2001 नंतरच्या कराराला ते मिळण्यासाठी करार नोंदणीकृत असावा लागतो. नोटरीच्या शिक्क्याने ते काम होत नाही. शिवाय साठेखतासोबत ताबा दिला तर महाराष्ट्र मुद्रांक कायदा त्या कागदाला खरेदीखतच समजतो आणि पूर्ण मुद्रांक शुल्क मागतो. ते नंतर खरेदीखतात वळते होते, पण पाचशेच्या मुद्रांकावर ताबा लिहून घेणाऱ्याचा कागद कोर्टात दाखल करताना आधी बाकीचे शुल्क आणि दंड भरावा लागतो. यावर माझे मत ठाम आहे. परवानगी किंवा नजराणा बाकी असताना ताबा घेऊ नये आणि देऊही नये. 'ताबा खरेदीखताच्या दिवशी देण्याचा आहे' एवढे वाक्य दोघांचेही रक्षण करते. उभे पीक असेल तर ते कोणी काढायचे, तेही त्याच परिच्छेदात लिहावे.

आता मुख्य मुद्दा, हप्त्यांचा. आमच्याकडे हप्ते सणांना किंवा महिन्यांना बांधलेले असतात: पाडव्याला इतके, दिवाळीला तितके. परवानगीच्या जमिनीत हप्ता तारखेला बांधला की पैसे पुढे जातात आणि कागद मागे राहतात. हप्ता कागदाला बांधावा. वरचाच तीस लाखांचा व्यवहार मी असा लिहिला असता. नोंदणीकृत साठेखताच्या दिवशी तीन लाख. सर्व वारसांची नावे कब्जेदार सदरी लागली, मोजणीची 'क' प्रत आली, नजराण्याचे चलन भरले गेले आणि तशी नोंद मंजूर झाली, हे सगळे कागद देणाऱ्याने हातात ठेवले की चार लाख. उरलेले तेवीस लाख खरेदीखताच्या दिवशी. त्यात सोसायटीचे दोन लाख कर्ज असेल तर तेवढा धनाकर्ष थेट सोसायटीच्या नावाने काढायचा आणि कर्ज फिटल्याचा दाखला बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे द्यायचा. देणाऱ्याला पैशाची निकड असते, हे मला माहीत आहे. म्हणूनच मधला हप्ता ठेवायचा. कागद लवकर आणला तर पैसे लवकर मिळतात, त्यामुळे कामाला गती येते. पैसे बँकेमार्फतच द्यावेत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारापोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड स्वीकारणाऱ्याला, म्हणजे जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला बसू शकतो.

परवानगीचे कलम मी साधारण असे लिहीत असे: 'लिहून देणार यांनी या साठेखताच्या तारखेपासून तीस दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याची पोच लिहून घेणार यांना द्यावी. नजराणा लिहून देणार यांनी भरावा. मुदतीत अर्ज न केल्यास लिहून घेणार यांना तो करण्याचा अधिकार राहील व त्याचा खर्च किमतीतून वजा होईल. परवानगी मिळाल्याचे नोंदणी टपालाने कळवल्यापासून पंचेचाळीस दिवसांत खरेदीखत करावे. दोष नसताना परवानगी नाकारली गेल्यास घेतलेली सर्व रक्कम साठ दिवसांत परत करावी. लिहून देणार यांच्या कसुरीमुळे ती न मिळाल्यास व्याजासह परत करावी.' याच्या जोडीला केवळ अर्ज आणि पाठपुराव्यापुरते मर्यादित मुखत्यारपत्र घ्यावे, विक्रीचे नव्हे. घेणाऱ्यानेही आपला शेतकरी असल्याचा सातबारा किंवा आठ-अ साठेखतालाच जोडावा, म्हणजे त्याच्या बाजूची अडचण शेवटी निघत नाही.

असे कलम नसले तरी सगळे संपत नाही. परवानगीशिवाय हस्तांतर होत नसेल तर ती मिळवण्याचा प्रयत्न करणे ही विकणाऱ्याची गर्भित जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नथुलाल विरुद्ध फुलचंद या 1969 च्या निकालात म्हटले आहे. पण गर्भित अट सिद्ध करायला वर्षे जातात, लिहिलेली अट वाचून दाखवता येते.

आपल्यामार्फत महसूल आणि नोंदणी खात्याला दोन विनंत्या आहेत. कलम 43 च्या जमिनीवर चाळीस पट नजराणा किती होतो आणि चलन कोठे भरायचे, याचा फलक प्रत्येक तलाठी कार्यालयात लावावा. आणि वर्ग 2 च्या जमिनीचे साठेखत नोंदवताना परवानगी कोण, किती दिवसांत घेणार हे सांगणारा एक रकाना दस्तात सक्तीचा करावा.

ज्यांचे साठेखत आधीच अशा मोघम वाक्यावर झाले आहे, त्यांनी दोन्ही बाजू बोलत आहेत तोवर नोंदणीकृत पुरवणी करार करून वरचे कलम त्यात घालून घ्यावे. समोरचा टाळत असेल तर खरेदीखतास तयार असल्याची लेखी नोटीस द्यावी आणि तारखा सांभाळाव्यात. दाव्याची मुदत तीन वर्षांची. साठेखतात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून ती मोजतात.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक
(नाव व पत्ता संपादकांकडे)