सूचना : पाणीपुरीच्या पाण्याबद्दल

सराफ्यातल्या आपल्या सर्व गाडीवाल्या सभासदांना कळकळीची विनंती. परवा एका गाडीवर पाहिलं : नोट घेतली आणि तोच हात मनगटापर्यंत पुदिन्याच्या पाण्यात. हातमोजे होते, पण नोटाही त्याच मोज्यांनी घेतल्या, मग उपयोग काय? पैसे दुसऱ्याने घ्यावेत. एकटे असाल तर दर वेळी साबणाने 20 सेकंद हात धुवा, आणि पाणी लांब दांड्याच्या पळीनेच भरा. चिंच-लिंबाच्या आंबटपणाने जंतू मरतील या भरवशावर राहू नका. लादीचा बर्फ पाण्यात टाकू नका, भांडं बाहेरून गार करा. पाणी उकळलेलं, तोटीच्या झाकणबंद पिंपात ठेवा. पुऱ्या-बटाटाही झाकलेले हवेत. उरलेलं पाणी रात्रीच ओतून द्या, ताज्यात मिसळू नका. ओला-सुका कचरा वेगळ्या डब्यांत.