रात्रपाळीतली चिठ्ठी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनला गणपतीनंतरची तारीख मिळाली, हे दादाकडून कळलं. आई, रात्री त्यांच्याजवळ बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं तू फोनवर विचारलंस. फोनवर सांगायला गेले की तू मध्येच "जेवलीस का" विचारतेस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहिते. परवाच्या रात्री आमच्या वॉर्डात जे झालं तेच सांगते, म्हणजे तुला नीट कळेल.

आमच्या हाडांच्या वॉर्डात एक आजी आहेत. वय ७८, मावळातल्या, भातशेती आणि गोठा यांत आयुष्य गेलेल्या. अंगणात पाय घसरला, खुब्यात हाड मोडलं, आणि अर्धा सांधा बदलावा लागला. ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. लेक रोज उशाशी असायची, पण त्या दिवशी तिच्या मुलाला ताप होता म्हणून संध्याकाळी तिला घरी जावं लागलं. जाताना माझ्या टेबलापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, आई कालपासून काहीतरीच बोलतेय. माझ्या मोठ्या मावशीच्या नावाने मला हाक मारते. भूल डोक्यात गेली का? आता अशीच राहील का?" तिचे डोळे इतके भेदरलेले होते की मला खरं तर तिला बसवून बोलायला हवं होतं. पण ड्युटी बदलायची वेळ, औषधांची ट्रॉली समोर, दोन पेशंट नुकतेच थिएटरमधून आलेले. "तुम्ही निश्चिंत जा, मी लक्ष ठेवते," एवढंच म्हणता आलं.

दीडच्या सुमाराला रेलिंगचा आवाज आला. आजींनी एक पाय कठड्यावर टाकला होता, सलाईनची सुई उपसून काढली होती आणि चादरीवर रक्ताचे थेंब. नवीन सांधा असा वेडावाकडा वळला तर निखळतो, म्हणून मी आणि वॉर्डातल्या मावशींनी आधी पाय सरळ केला, दोन पायांमध्ये उशी ठेवली. आजींचं एकच चाललेलं, "वासरू सुटलंय, तरव्यात शिरेल, मला जाऊ द्या." शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक वैतागून म्हणाले, "हात बांधून टाका ना हो, सगळ्यांनाच झोपू द्या." बांधलं की घाबरलेला माणूस आणखी जोर करतो आणि मनगटं सोलवटतात, पायही जास्त झाडतो. आम्ही बांधलं नाही. मावशी त्यांचा हात धरून बसल्या आणि मी शोध सुरू केला.

आई, हे नीट ऐक. म्हातारं माणूस दवाखान्यात एका-दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागलं, घटकेत शहाणं आणि घटकेत भलतंच, तर तो बहुतेक वेळा म्हातारचळ नसतो. म्हातारचळ महिनोन्महिने हळूहळू येतो. असा अचानक आलेला गोंधळ म्हणजे शरीरात कुठेतरी काहीतरी बिनसलंय आणि मेंदू ते सोसू शकत नाहीये. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे वात झाला म्हणतात. आमचं काम असतं ते बिनसलेलं शोधायचं. साखर बघितली, ठीक. बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघितला, ठीक. ताप नाही. तोंड वाकडं नाही, दोन्ही हात सारखेच उचलतात, म्हणजे निदान पॅरालिसिसचं लक्षण दिसत नव्हतं. मग वार उलटे म्हणायला सांगितले. "शनिवार, शुक्रवार..." आणि पुन्हा वासरू. लक्ष टिकतच नव्हतं.

ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या वॉर्डात अडकलेले, म्हणाले, शांत व्हायचं इंजेक्शन थोडं देऊ या का. मी म्हटलं, सर, एकदा पोट बघून घेऊ, कारण हात सारखा ओटीपोटावर जात होता. चार्टवर सकाळी अकराला लघवीची नळी काढल्याची नोंद होती, आणि त्यानंतर दोनदा "लघवी झाली" असं लिहिलेलं. डायपर उघडून बघितला तर जेमतेम ओलसर. नाभीखाली हात ठेवला तर नारळासारखं टणक लागलं, आणि आजी कळवळल्या. मूत्राशय तुडुंब भरलं की वरून थेंब थेंब गळत राहतं; कपडा ओला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झालीच की. त्यात संध्याकाळी अंगाला खाज सुटली म्हणून त्यांना त्याचं इंजेक्शन मिळालेलं. तशा काही औषधांनी म्हाताऱ्यांची लघवीही अडते आणि डोकंही गरगरतं.

डॉक्टर आले, त्यांनी पोट आणि पाय दोन्ही तपासले, नळी घालायला सांगितली. ८५० मिली निघाली. तपासणीला नमुना पाठवला, रक्तातलं सोडियम बघायला रक्त पाठवलं. अर्ध्या तासात आजींच्या कपाळावरची आठी सैल झाली. मग आठवलं, कानातलं मशीन आणि चष्मा ड्रॉवरमध्ये, कवळीच्या डबीशेजारी. म्हणजे त्या अर्धवट अंधारात त्यांना दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. दोन्ही लावलं, डोक्यावरचा एक दिवा चालू ठेवला आणि सांगितलं, "आजी, तुम्ही दवाखान्यात आहात. पायाचं ऑपरेशन झालंय. मी सिस्टर. लेक सकाळी येणार आहे." वासरू नाहीच, असं म्हटलं नाही. "गोठ्याकडे लेकीला बघायला सांगू," म्हटलं. तीनला डोळा लागला. तरी साडेचारला पुन्हा तोच प्रश्न आला, हेही सांगायला हवं. नळी घातली आणि बटण दाबल्यासारखं सगळं थांबलं, असं होत नाही.

आता प्रश्न लेकीचा. ती सव्वासहाला येणार, आणि मला सहाला एका पेशंटला घेऊन सीटी स्कॅनला जायचं होतं. ती येऊन बघणार काय, तर काढलेली नळी परत आलेली, डावा हात काळानिळा, चादर बदललेली, आई गाढ झोपलेली. अशा वेळी मन कुठे कुठे धावतं ते मी रोज बघते. रात्री साडेचारला दवाखान्यातून फोन वाजला तर माणूस उचलायच्या आधीच अर्धा मरतो, आणि तसं तातडीचं काही उरलं नव्हतं. म्हणून चिठ्ठी लिहिली:

"ताई,
रात्री दीडला आई घाबरून पलंगावरून उतरायला बघत होत्या. पडल्या नाहीत. ऑपरेशनचा पाय डॉक्टरांनी रात्रीच तपासला, ठीक आहे.
लघवी तुंबली होती म्हणून नळी पुन्हा घातली आहे. सलाईन आता उजव्या हाताला आहे. डाव्या हाताची सुई त्यांनी ओढली, तिथे निळं दिसेल.
तीनला झोपल्या. साडेचारला उठून वासराचं विचारत होत्या. वयस्कर माणसांना ऑपरेशननंतर असा गोंधळ होतो. हे वेड नव्हे. किती दिवस राहील ते राउंडला डॉक्टरांना जरूर विचारा, रक्ताचा रिपोर्टही तोवर येईल.
चष्मा आणि कानातलं मशीन उशाशी आहे. उठल्या की लावा. तुमचं नाव सांगा, आज वार कोणता ते सांगा. चुकीचं बोलल्या तर वाद घालू नका.
फार झोपाळू वाटल्या, हाक मारून उठल्या नाहीत, तर लगेच सिस्टरांना बोलवा.
रात्री तुमचं नाव घेत होत्या. तुम्ही सकाळी येताय, असं मी त्यांना सांगितलंय.
रात्रपाळीची सिस्टर"

"सगळं छान होईल" असं लिहायचा मोह होतो, पण ते मी लिहू शकत नाही. बहुतेकांचा हा गोंधळ काही दिवसांत ओसरतो, काहींचा आठवडे रेंगाळतो, आणि आधीच विसराळू झालेल्या एखाद्याचं पहिल्यासारखं होतही नाही. म्हणून जे घडलं ते, आणि तिला हातांनी करता येईल असं काहीतरी. पहिल्याच ओळींत पडल्या नाहीत हे लिहिलं, कारण नातेवाइकाला पहिली भीती तीच असते. आजाराबद्दलचं वाक्य डॉक्टरांना दाखवून घेतलं. घडी घातली आणि मावशींच्या हातात दिली, कारण कॉटवर ठेवलेला कागद अख्खा वॉर्ड वाचतो.

सातला परत आले तर लेक आईला चहा पाजत होती. माझ्याकडे बघून आधी हसली, मग रडली, आणि म्हणाली, "सिस्टर, ते वासरू माझ्या लग्नात विकलं हो." काल आजी दिवसभर छान बोलल्या, नातवाचा ताप विचारला. दिवे लागणीला थोडं बिघडलं. ते चालायचंच. सोडियम थोडं कमी निघालं होतं, त्यावर डॉक्टरांनी उपाय सुरू केलाय.

आई, बाबांच्या पिशवीत चष्मा, कवळीची डबी आणि कानातल्या मशीनचे जादा सेल वरच ठेव, खाली कोंबू नकोस. घरचं कॅलेंडर आणि त्यांचं हातावरचं घड्याळ ने. ऑपरेशननंतर नळी असेलच. पिशवीत लघवी यायची थांबली किंवा नळीत रक्ताच्या गाठी दिसल्या तर सकाळपर्यंत थांबू नकोस, लगेच सांग. दिवसा पडदे उघडे ठेव, रात्री टीव्ही बंद. आणि ते नेहमीसारखे चिडचिड न करता एकदम गप्प गप्प पडून राहिले, तर "शांत आहेत बरं" म्हणून सोडून देऊ नकोस. गप्प राहणारा गोंधळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतो.

बाबा, तुमच्यासाठी एकच. टीव्हीच्या मागे झोपेच्या गोळ्यांची पट्टी असते, ती मला माहीत आहे. रोज किती वर्षं घेताय ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगा. अशी गोळी मनानेच बंदही करू नका. अचानक थांबली तरी डोकं फिरतं आणि मग दवाखान्यात कोणालाच कारण कळत नाही. लाज वाटत असेल तर मी फोनवर सांगते, पण सांगायचंच.

मी त्या आठवड्याची रजा टाकली आहे. पहिल्या दोन रात्री मी बसेन, आई दिवसा. दादाला सांगून सगळ्या औषधांच्या पट्ट्यांचा फोटो रविवारपर्यंत पाठवा, मागच्या बाजूचाही, नावं तिकडेच असतात.

तुमची,
माई