सूचना : वेळ अमावास्येच्या शुभेच्छापत्राची निवड

मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वेळ अमावास्येच्या ३०० शुभेच्छापत्रांसाठी आलेल्या दोन नमुन्यांपैकी एकाची निवड रविवारच्या बैठकीत करावयाची आहे.

पहिल्या नमुन्यात गडद जांभळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे आहेत. मोबाईलवर ती उठून दिसतात, परंतु त्याच चित्राची कृष्णधवल प्रत काढली असता अक्षरे पार्श्वभूमीत विरून जातात, म्हणजेच दोन्ही रंगांची गडदता जवळपास सारखी आहे आणि वयस्कर मंडळींना मजकूर वाचणे जड जाईल. शिवाय घडीवर गडद शाई तडकून पांढरी रेघ उमटते.

दुसरा नमुना पांढऱ्या कागदावर हिरव्या व केशरी अशा दोनच शायांचा आहे. मुद्रणालयाने ऑफसेटच्या प्रत्येक प्लेटचे ३०० रुपये सांगितले असल्याने चार प्लेटांच्या पहिल्या नमुन्यात पत्रामागे ४ रुपये, तर येथे २ रुपये केवळ प्लेटांचे पडतात.

मजकुराबाबत माझे स्पष्ट मत असे की, ‘हार्दिक शुभेच्छा’ या छापील शब्दांपेक्षा दुसऱ्या नमुन्यातील ‘भज्जी आणि आंबील तयार आहे, शेतावर या’ हे आमंत्रण अधिक आपुलकीचे आहे. सभासदांनी दोन्ही नमुने हातात घेऊन, घडी घालून पाहावेत.