सोमवारी ऑर्डर टाकण्याआधी

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तो छोट्या कंपनीचा शेअर १८३ रुपयांना मिळतोय, सोमवारी पाचशे घेऊन टाकतो, असं तू लिहिलंस. कंपनीबद्दल मी काही म्हणत नाही, ताळेबंद तू माझ्याहून बारकाईने वाचला आहेस. पण तो १८३ ला मिळत नाहीये. म्हणून घाईने लिहितोय.

ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. तो सौदा झाला, संपला. आता तुला काय पडेल ते पाहायला त्याखालची मार्केट डेप्थ उघड. आज दुपारी मी उघडली होती. डावीकडे घेणाऱ्यांत सगळ्यात वरचा भाव १८२.१०, तोही फक्त १२० शेअर्सना. उजवीकडे विकणाऱ्यांत सगळ्यात स्वस्त १८४.००, तिथे जेमतेम ६० शेअर्स. त्यानंतर १८४.९० ला ९०, १८६ ला १५० आणि १८८.५० ला २०० पेक्षा जास्त. सराफाचा सोनं विकायचा भाव वेगळा आणि मोडीचा वेगळा असतो, तसंच हे. या दोन भावांतलं अंतर म्हणजे बिड-आस्क स्प्रेड. इथे तो १.९० रुपये, म्हणजे एक टक्क्याहून थोडा जास्त.

मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये हे अंतर काही पैशांचंच असतं, कारण दोन्ही बाजूंना सतत गर्दी असते. तुझ्या शेअरमध्ये दिवसाला सौदेच थोडे. विकणाऱ्याला भीती असते की समोरच्याला आपल्याला न कळलेली बातमी माहीत असेल, आणि घेणाऱ्याला भीती की उद्या विकायला गेलो तर गिऱ्हाईक मिळणार नाही. म्हणून दोघेही अंतर राखून भाव लावतात.

आता तुझी पाचशेची मार्केट ऑर्डर. ‘मिळेल त्या भावाने, पण आत्ता’ एवढंच ती एक्सचेंजला सांगते. मग ६० शेअर्स १८४ ला, ९० शेअर्स १८४.९० ला, १५० शेअर्स १८६ ला आणि उरलेले २०० थेट १८८.५० ला. एकूण ९३,२८१ रुपये, सरासरी १८६.५६. तू मनात धरलेले १८३ च्या हिशेबाने ९१,५०० होते. म्हणजे १,७८१ रुपये जास्त, ब्रोकरेज आणि एसटीटी वेगळे. आणि लगेच विकायचे म्हटलेस तर वरचा घेणारा १८२.१० चा, त्यालाही १२० च हवेत.

लिमिट ऑर्डरमध्ये तू वरची मर्यादा घालतोस. १८४ ची लिमिट टाकलीस तर ६० शेअर्स तिथल्या तिथे मिळतील आणि उरलेल्या ४४० ची मागणी १८४ ला यादीत उभी राहील, घेणाऱ्यांत सगळ्यात वर. ज्याला विकायची निकड असेल त्याला मग आधी तूच दिसशील. त्याच भावाला तुझ्याआधी कुणी उभा असेल तर मात्र त्याचा नंबर आधी लागतो. घाई नसेल तर १८३ टाक आणि वाट पाहा.

यालाही किंमत आहे, ती नीट समजून घे. भाव वर निघून गेला तर तुझी ऑर्डर अर्धवट भरून राहील, आणि साधी दिवसाची ऑर्डर साडेतीनला आपोआप रद्द होते. आणि मला जास्त काळजी याची वाटते: वाईट बातमी आली की बाकीचे आपल्या ऑर्डरी काढून घेतात, विकणारे खाली येतात आणि तुझे ४४० क्षणात भरले जातात, नेमके तुला नको असताना. त्यामुळे लिमिट टाकून ऑफिसच्या मीटिंगमध्ये गेलास आणि विसरलास, असं करू नकोस. निकाल जाहीर होण्याच्या दिवशी तर नकोच.

तू रात्री लोकलमध्ये बसून दुसऱ्या दिवसासाठी ऑर्डर टाकून ठेवतोस, ती सवय या शेअरपुरती तरी सोड. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा स्प्रेड सगळ्यात रुंद असतो. दहाच्या सुमारास डेप्थ पाहा, मग शंभर-शंभरच्या ऑर्डरी टाक. एकदम पाचशेची मागणी दिसली की विकणारे भाव वर सरकवतात.

मार्केट ऑर्डर कधीच नको असं मी म्हणत नाही. मोठ्या कंपनीचे दहा-वीस शेअर्स घ्यायचे असतील तर बिनधास्त टाक, तिथे फरक चहाच्या पैशांएवढाही पडत नाही.

सोमवारी सकाळी डेप्थचा स्क्रीनशॉट मला पाठव. मी घरीच आहे, दोघं मिळून भाव ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल