रिफर्बिश्ड फोनच्या कौतुकात एक तारीख राहून गेली

महोदय,

कालच्या पुरवणीत आपल्या तंत्रज्ञान-लेखकांनी निकाल देऊन टाकला, की नव्या बजेट फोनपेक्षा रिफर्बिश्ड फ्लॅगशिप, म्हणजे कोणीतरी वापरलेला आणि ठाकठीक करून पुन्हा विकायला काढलेला वरच्या श्रेणीतला फोन, कधीही सरस. कॅमेरा सरस, प्रोसेसर सरस, स्क्रीन सरस आणि वर पैसे कमी. लेख ओघवता आहे, फोटोही छान आलेत. फक्त हा फोन अजून किती चालणार, एवढंच त्यात कुठे सापडलं नाही. मी फोन दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो. तो प्रश्न लोक मला येऊन विचारतात, आणि तेव्हा लेखकमहाशय तिथे नसतात.

सुरक्षा अपडेटची मुदत मोजली जाते ती मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून. आपण खोका कधी उघडला याच्याशी तिला देणंघेणं नाही. समजा, कोणी २०२५च्या सुरुवातीला फोन घेतोय. सॅमसंगचा फ्लॅगशिप गॅलेक्सी एस२१ जानेवारी २०२१मध्ये आला आणि कंपनीचं वचन पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं. म्हणजे या गिऱ्हाइकाच्या हाती उरलं जेमतेम एक वर्ष. त्याच कंपनीचा स्वस्तातला ए१६ २०२४च्या अखेरीस आला, त्याला वचन सहा वर्षांचं, म्हणजे उरली पावणेसहा वर्षं. आता नव्याची किंमत १०० धरा, रिफर्बिश्डची ८०, आणि त्यात चांगली बॅटरी घालायचे १५. झाले ९५. हे ९५ बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला आठ पडतात, नव्याचे १०० एकोणसत्तर महिन्यांवर वाटले तर दीडच्या आसपास. मुदत संपली म्हणून फोन त्या रात्री बंद पडत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या फोनवर बँकेचे व्यवहार करायचे त्याची सुरक्षेची भगदाडं यापुढे बुजवली जाणार नाहीत, हे पैसे मोजण्याआधी माहीत नको?

उलटही होतं, आणि तेही लेखात नाही. गूगलचा फ्लॅगशिप पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३मध्ये आला तो सात वर्षांच्या अपडेटचं वचन घेऊन. तो रिफर्बिश्ड मिळाला तर ए१६च्याच आगेमागे संपेल आणि तोवर कामाला कितीतरी उजवा राहील. शिवाय कित्येक नव्या बजेट मॉडेलांना अपडेट दोनच वर्षं मिळतात, त्यातलं एक वर्ष मॉडेल दुकानाच्या फळीवर काढतं. आत ईएमएमसी प्रकारची संथ मेमरी असली की ती भरत आल्यावर फोन गॅलरी उघडायलाही कुंथतो. तेव्हा मी नव्याचा वकील नाही. मॉडेल कधी आलं आणि वचन किती वर्षांचं, हे दोन आकडे कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. ते न बघता 'कधीही सरस' म्हणणाऱ्याचं मला नवल वाटतं.

आता खरं बोलतो. मला राग आलाय तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. ताईने असाच एक कौतुकाचा लेख वाचून रिफर्बिश्ड फोन मागवला. 'ए ग्रेड', बॅटरी ८५ टक्क्यांच्या वर, सहा महिने वॉरंटी. मला विचारलं नाही, कारण मी 'सगळ्यालाच नाट लावतो'. फोन दिसायला खरंच नवा होता. पण फ्लॅश लावून फोटो काढायला गेलं की ३८ टक्क्यांवरून थेट बंद. चार्जरला लावला की पुन्हा ३५ टक्के दाखवून सुरू. हे लक्षण आमच्या ओळखीचं आहे. बॅटरी थकली की तिचा आतला रोध वाढतो. नुसतं वाचत बसलं तर ती तग धरते, पण कॅमेरा आणि फ्लॅशने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. स्क्रीनवरच्या टक्क्यांवर जाऊ नका. बॅटरीवरच्या चिमुकल्या सर्किटमधली माहिती बदलून हवा तो आकडा दाखवणारी यंत्रं या धंद्यात सर्रास आहेत.

मागचं झाकण उघडलं. जिथे कारखान्याची पाणी अडवणारी गोंदपट्टी हवी तिथे साधी दुहेरी टेप, तीही एका कोपऱ्यात गोळा झालेली. स्क्रीनच्या कनेक्टरवरच्या पत्र्याचा एक स्क्रू गायब. बॅटरी इतकी फुगलेली की झाकण बोटाने दाबलं तर किंचित वर यायचं. आणि जाहिरातीत लिहिलं होतं 'वॉटरप्रूफ'! एकदा उघडलेला फोन नव्या गोंदपट्टीने नीट बंद करून तपासलेला नसेल, तर तो पाण्याला साधाच समजावा.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर मिळालं, की बॅटरी वॉरंटीत येत नाही, आणि तुम्ही फोन उघडलात म्हणून उरलेली वॉरंटीही रद्द. म्हणजे त्यांनी उघडला तर ते रिफर्बिशिंग, आणि मी उघडला तर छेडछाड. ताई तेव्हापासून माझ्यावरच नाराज आहे, कारण फोन उघडला मी.

लेखात 'ए ग्रेड घ्या, निर्धास्त राहा' असं ठळक अक्षरात आहे. हे ग्रेड ठरवतो कोण? विकणाराच. ते बहुतेक काचेवरचे ओरखडे मोजून दिलेले असतात, आणि एकाचा 'ए' तो दुसऱ्याचा 'बी' असू शकतो. त्याऐवजी लेखकांनी एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं: परत करायची मुदत संपण्याच्या आत फोन पूर्ण चार्ज करा, ब्राइटनेस पूर्ण ठेवून फ्लॅशसह व्हिडिओ चित्रित करत राहा आणि तो किती टक्क्यांवर मान टाकतो ते बघा. वीस टक्क्यांच्या वर बंद पडला तर परत पाठवा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये शोधून Android security patch level समोरची तारीख वाचा. फोनला सगळे अपडेट दिल्यावरही ती बरीच मागची असेल, तर मुदत संपत आली किंवा संपली असं समजा. आयफोन असेल तर Settings, General, About इथे Parts and Service History हा भाग दिसतोय का ते बघा. तिथे बॅटरीसमोर Unknown Part लिहिलं असेल, तर बॅटरीच्या टक्क्यांवर विसंबू नका. आणि हे सगळं होईपर्यंत फोन स्वतः उघडू नका, ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडूनही उघडून घेऊ नका.

लेखाच्या शेजारीच त्याच धंद्यातल्या विक्रेत्याची पाऊण पान जाहिरात होती. तो योगायोग असेल, मी काही म्हणत नाही. पण त्या जाहिरातीतली 'अटी लागू' ही ओळ वाचायला मला आमचं दुकानातलं भिंग काढावं लागलं. मागे चार्जरवर पाठवलेल्या माझ्या पत्राचा उत्तरार्ध तुम्ही कापला होता. या वेळी जागा कमी पडली तर सुरुवात कापा, बॅटरीचा भाग राहू द्या.

आपला,
एक मोबाईल दुरुस्ती करणारा वाचक