दुकान जळालं आठ लाखांचं, भरपाई मिळाली चार लाख ऐंशी हजारांची

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कापडाचं दुकान आहे. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी रात्री त्याला आग लागली. विम्याच्या दाव्यासाठी जे लिहून दिलं तेच इथे मांडतो, कारण त्यातली एक गोष्ट तुमच्या खात्याशिवाय कुणी दुरुस्त करू शकणार नाही.

रात्री 2:10 ला शेजारच्या मेडिकलवाल्याचा फोन आला. 2:35 ला नगरपालिकेचा बंब पोचला आणि चारच्या सुमारास आग विझली. पुढच्या भागातली वायर तापून शॉर्ट सर्किट झालं होतं, अग्निशमनच्या दाखल्यात तेच कारण आहे. सकाळी 8:40 ला विमा कंपनीला कळवलं, अकराला पोलिसांनी पंचनामा केला. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. तोवर काही हलवायचं नाही, असं फोनवर बजावलेलं. भिजलेले तागे एकावर एक तसेच पडून होते. तिसऱ्या दिवशी हात घातला तर आतून गरम लागले, आणि उलगडले तर घडीच्या रेषेवर काळी बुरशी. आधी फोटो काढून, सर्व्हेअरची परवानगी लेखी घेऊन ते वाळत घालता आले असते. हे मला नंतर कळलं.

माल किती होता, हा खरा प्रश्न. कॉम्प्युटर आणि बिलांच्या फायली गल्ल्याखालीच जळाल्या. जीएसटी पोर्टलवर खरेदीची बिलं दिसत होती, पण तिथे फक्त बिल नंबर आणि रक्कम असते. कोणता तागा, किती मीटर, हे नसतं. त्यासाठी सुरत आणि उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती मागवल्या. मग हिशेब असा लागला: 1 एप्रिलचा शिल्लक माल 11 लाख, त्यानंतरची खरेदी 24 लाख. विक्री 20 लाखांची झाली, तिच्यातून 25 टक्के नफा वजा केला की 15 लाखांचा माल गेला. म्हणजे आगीच्या रात्री खरेदी भावाने 20 लाखांचा माल दुकानात होता. साडेसहा लाखांचा पूर्ण जळाला. अडीच लाखांचा भिजला, त्याचे लाखभर रुपये आले. पोटमाळ्यावरचा 11 लाखांचा वाचला. निव्वळ तोटा 8 लाख. सर्व्हेअरनी हा आकडा जसाच्या तसा मान्य केला, आणि इथवर माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

पण पॉलिसी 12 लाखांची होती. माल 20 लाखांचा आणि विमा 12 लाखांचा, म्हणजे पाचातला तीन भाग. म्हणून तोट्याचेही पाचातले तीनच भाग: 4 लाख 80 हजार. यालाच अ‍ॅव्हरेज म्हणतात. छोट्या दुकानदारांसाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे, तिच्यात विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर तो माफ असतो. माझा 40 टक्के कमी पडला.

आता हे 12 लाख आले कुठून? माझी कॅश क्रेडिट मर्यादा 12 लाखांची आहे. पॉलिसी बँकेनेच काढली, हप्ता माझ्या खात्यातून कापला, आकडा कर्जाचा टाकला. कर्ज सुरक्षित झालं, दुकान नाही. आणि दर महिन्याला मी त्याच बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. सप्टेंबरअखेरच्या स्टेटमेंटवर माझ्याच सहीने 18 लाख 40 हजारांचा माल लिहिलेला आहे. एका फायलीत हा कागद, दुसऱ्या फायलीत 12 लाखांची पॉलिसी. दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवायला कुणाला दोन मिनिटं लागली नसती. मलाही लागली नसती, हे कबूल करतो. दिवाळीचा माल भरताना विम्याची रक्कम मध्येच वाढवून घेता येते, फक्त तेवढ्या दिवसांचा वाढीव हप्ता पडतो. पण ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. कर्जापोटी बँक जो मालाचा विमा काढते, त्याची रक्कम स्टॉक स्टेटमेंटवरून ठरावी. माल विम्यापेक्षा 15 टक्क्यांहून जास्त झाला तर बँकेने त्याच महिन्यात लेखी कळवावं. न कळवल्यास अ‍ॅव्हरेजची कपात दुकानदारावर लावू नये.

आणखी एक. जळालेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावट कायद्याने परत करावी लागते. साडेसहा लाखांवर 5 टक्क्यांनी ते 32,500 रुपये होतात. तोट्याच्या हिशेबात माल करासकट धरला नव्हता, त्यामुळे हेही खिशातूनच गेले. जीएसटी परिषदेपुढे हा विषय ठेवावा.

आपला,
एक कापड दुकानदार

सोबत: पॉलिसी, अग्निशमनचा दाखला, पंचनामा, बिलांच्या प्रती आणि सप्टेंबरचं स्टॉक स्टेटमेंट.