विषय : ३ मे रोजी परस्पर कापलेले ९,७७७ रुपये ४८ पैसे

व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

कालचा फोन सत्तेचाळीस मिनिटं चालला. त्यातली एकतीस मिनिटं मी तुमची सनई ऐकत होतो. आता लेखी.

मे २०२४ मध्ये आमच्या गुहागरच्या होमस्टेसाठी तुमच्याकडे एक डॉट कॉम डोमेन आणि पाच पानांच्या वेबसाइटचं होस्टिंग घेतलं. डोमेन ९९, होस्टिंग १,१८८, प्रायव्हसी 'मोफत'. जीएसटी धरून १,५१८ रुपये ६६ पैसे. यंदा त्याच पाच पानांचे डोमेन १,४९९, होस्टिंग ५,९८८, आणि मोफत असलेली प्रायव्हसी ७९९. वर अठरा टक्के. साडेसहा पट होत आलं. साइटवर तेच घर, तोच झोपाळा, तीच खोबऱ्याच्या वाटपाची मासळीची आमटी. वाढलं ते फक्त बिल.

माझी चूक आधी कबूल करतो. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी बँकेचा मेसेज आला होता. सहाही खोल्या भरलेल्या होत्या, तो संध्याकाळी पाहायचा राहिला. पण ऑटो-रिन्यूची खूण मी केलेली नव्हती, ती तुमच्या पेमेंटच्या पानावर आधीच केलेली होती. मँडेटची मर्यादा पंधरा हजार, म्हणजे ओटीपीसुद्धा विचारायला नको. तुमची आठवणीची ईमेल मात्र मी नीट वाचली. 'काळजी करू नका, तुमच्या सेवा आपोआप सुरू राहतील,' असं लिहिलं होतं. रक्कम कुठेच नव्हती. काळजी करण्यासारखं तेवढंच होतं, तेच गाळलं.

आता कालचा संवाद. माझं पहिलं म्हणणं एवढंच, की प्रायव्हसीचे पैसे परत द्या.

"सर, प्रायव्हसी काढली तर तुमचा मोबाइल नंबर सगळ्या जगाला दिसेल."

मी म्हटलं, अहो, माझा नंबर साइटच्या पहिल्या पानावर, लाल अक्षरांत, मीच टाकलाय. लोकांनी फोन करावा म्हणूनच तर साइट आहे.

"बरोबर सर, पण सुरक्षिततेसाठी सांगतो."

मग मी फोन चालू ठेवूनच तुमच्या पॅनेलमध्ये प्रायव्हसी बंद केली आणि थोड्या वेळाने हूइज या डोमेन-मालकांच्या जाहीर नोंदीत डोमेन शोधलं. नावाच्या जागी `REDACTED FOR PRIVACY`. फोनच्या जागीही तेच. २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर आल्यापासून तुमच्यासारखे बहुतेक रजिस्ट्रार ही माहिती तशीही झाकतात, हे तुम्हाला मी सांगायचं? जे आधीच झाकलेलं आहे त्यावर ७९९ रुपयांचं झाकण.

हे वाचून दाखवल्यावर तुमचा माणूस क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "सर, डोमेनचे पैसे रजिस्ट्रीला गेले, आता काही होत नाही." मी प्रायव्हसीचं विचारत होतो, उत्तर डोमेनचं! पण ठीक, तेही तपासलं. त्याच पानावर ही ओळ होती :

```
Registry Expiry Date: 2025-05-18T06:42:11Z
```

रिन्यू झालं असतं तर इथे २०२६ दिसलं असतं. म्हणजे पैसे ३ तारखेला घेतलेत आणि रजिस्ट्रीला अजून कळवलेलंही नाही. हे सांगितल्यावर मला काय उत्तर मिळालं? "सर, तुम्ही टेक्निकल आहात का?" नाही हो, मी खोल्या भाड्याने देतो. पण पाहुण्याकडून आगाऊ रक्कम घेऊन 'खोली दिली, परत मिळणार नाही' असं म्हणायचं आणि रजिस्टरमध्ये त्याचं नावच लिहायचं नाही, हे माझ्या धंद्यात चालत नाही.

आणि डॉट कॉमचा मूळ भाव काही गुपित नाही. सप्टेंबर २०२४ पासून डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून वर्षाला १०.२६ डॉलर घेते. पहिल्या वर्षी ९९ मध्ये तुम्ही तोटा सोसलात, तो तुमचा निर्णय. तो माझ्याकडून वसूल करायचा होता तर दुसऱ्या वर्षाचा भाव ९९ च्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत लिहायचा होता. तो तळाच्या करड्या ओळीत होता, आणि आकडा नाही, 'प्रचलित दराने'.

पैसे परत हवेत, सगळे, प्रायव्हसीच्या ७९९ सकट. डोमेन रिन्यू करू नका. ते दुसरीकडे नेता यावं म्हणून `clientTransferProhibited` हे कुलूप काढा आणि ऑथ कोड द्या. आयकॅनच्या नियमाने तुम्हाला पाच दिवस आहेत, पण १८ तारीख जवळ आहे, म्हणून मला तो उद्याच हवा. 'मुदत संपली, आता रिडेम्प्शन फी भरा' असा फोन १९ तारखेला आला, तर ते मी योगायोग मानणार नाही.

शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर १९१५ वर तक्रार नोंदवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' नावासकट आहे, स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत.

गावातल्या आणखी तिघांना मीच तुमच्याकडे पाठवलं होतं. दोघांचं रिन्यूअल जूनमध्ये आहे. त्यांच्या ऑटो-रिन्यूच्या खुणा काल रात्री मी स्वतः बसून काढल्या.

— आपला ग्राहक, १८ मेपर्यंत